झुकत्या मापाची तूट

बोरी अरबच्या बाजारओळीच्या टोकाला महिलांचे जे ग्राहक भांडार आहे, त्याचा काटा तुळसाबाई मनवर यांच्या हातात कधी आला हे सांगताना लोक वर्षाचा आकडा देत नाहीत; सुखीबाई अध्यक्ष होती तेव्हापासून, असे म्हणतात. सुखीबाई राठोड ही तांड्यावरची बाई भांडाराची पहिली अध्यक्ष. गावोगावच्या बाया पै-पैसा जमवून एकत्र आल्या, त्यामागे स्वस्ताईपेक्षा मापाचा राग अधिक होता. आठवडी बाजारातले व्यापारी किलोत दोन तोळे मारतात ही त्यांची जुनी तक्रार. म्हणून दुकान उघडले त्या दिवशी सुखीबाईने काट्यावर बसवलेल्या तुळसाबाईला एकच नियम सांगितला: माप गिऱ्हाईकाच्या अंगाने झुकले पाहिजे.

तुळसाबाईने तो नियम हाताच्या सवयीत मुरवला. किलोभर तूरडाळ तोलून झाली, काटा स्थिर झाला, की तिचा उजवा हात पुन्हा पोत्यात जाई आणि पाचही बोटांत मावेल तेवढी डाळ पिशवीत वर पडे. पुढे तराजू जाऊन विजेचा काटा आला, त्याच्या काचेवर हजार ग्रॅमचा आकडा उमटू लागला, तरीही तो उमटल्यानंतरची चिमूट थांबली नाही. बाया ती चिमूट पाहायला उभ्या राहत. ती पडली की पिशवीचे तोंड आवळत. भांडाराची जाहिरात कधी करावी लागली नाही, ती या एका हालचालीमुळे.

या चिमटीचा खर्च कोणाच्या खाती पडत होता, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. त्या काळच्या हिशेबाच्या पद्धतीत तो विचारताही आला नसता. वर्षभर खरेदीची बिले एका फायलीत जमत, विक्रीची रोख गल्ल्यात जमे, आणि मालाचे काय झाले हे मार्चअखेरपर्यंत कोणी पाहत नसे. त्या दिवशी दुकान बंद ठेवून तुळसाबाई गोदामातली पोती, डबे, भेल्या मोजून आकडे सांगे. मग गणित सोपे असे. वर्षारंभीचा साठा, त्यात वर्षाची खरेदी मिळवायची, त्यातून शिल्लक साठा वजा करायचा. जे उरेल ती विकलेल्या मालाची किंमत. विक्रीतून ती वजा केली की ढोबळ नफा. दर शंभर रुपयांच्या विक्रीमागे माल ब्याण्णवचा लागतो आणि आठ उरतात, असा भांडाराचा कित्येक वर्षांचा अनुभव होता. आठ कमी आहेत असे वार्षिक सभेत कोणीतरी म्हणे. बाजारात चढाओढ फार, असे उत्तर मिळे, आणि सभा चहाकडे वळे.

या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. जे गोदामात उरले नाही ते सारे विकले गेले, असे ही पद्धत मानते. उंदरांनी खाल्लेले, उन्हाने सुकलेले, पोते फाटून सांडलेले, कोणी उचलून नेलेले आणि चिमटीने वर पडलेले, या सगळ्याला ती एकच नाव देते: विकलेला माल. ब्याण्णवच्या आकड्यात हे सारे शांतपणे झोपलेले होते. तुळसाबाई चोर असती तर याच काळात ती सुखाने चोरी करू शकली असती, कारण शिल्लक मोजणारीही तीच होती. पण या काळात तिच्यावर कोणाचा संशय गेला नाही. मार्चअखेरीला ती मोजून बाहेर आली की सुखीबाई तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, एवढेच.

सुखीबाई वारली. अध्यक्षपद बोरीच्याच इंदुताई गावंडे यांच्याकडे आले. इंदुताई कर्तबगार. भांडाराची स्वतःची छोटी डाळ गिरणी असावी, सभासद बायांची तूर भांडारानेच घ्यावी, असा त्यांचा ध्यास होता आणि तो त्यांनी पुरा केला. गिरणीसाठी तूर एकरकमी घ्यावी लागते, म्हणून दारव्ह्याच्या बँकेकडून मालाच्या तारणावर उचल घेण्याची सोय झाली. बँकेने अट घातली की शिल्लक साठ्याचे पत्रक दरमहा हवे. वर्षातून एकदा मोजणाऱ्या संस्थेकडे महिन्याचे पत्रक असणार कुठून? म्हणून संगणक आला, आणि तो चालवण्यासाठी दिपाली आली. ती बोरीच्याच एका घरची मुलगी, यवतमाळला वाणिज्य शाखेची पदवी घेऊन परतलेली. तुळसाबाईला ती मावशी म्हणे.

नव्या पद्धतीत माल आत आला की त्याच क्षणी साठा वाढतो, बिल झाले की त्याच क्षणी कमी होतो, आणि विकलेल्या मालाची किंमत सरासरी खरेदीभावाने प्रत्येक बिलासोबत नोंदली जाते. मार्चअखेरपर्यंत थांबावे लागत नाही. गोदामात न जाता गोदामात काय असायला हवे हे दिपाली पडद्यावर पाहू शकत होती. इंदुताईंना याचे मोठे अप्रूप वाटले. कोणी पाहुणा आला की त्या दिपालीला डाळीची शिल्लक विचारत आणि ती आकडा सांगे. तुळसाबाईलाही ते आवडले होते. पोती न उचलता मोजणी होते याचा तिच्या कमरेला आनंद झाला असल्याचे ती बोलून दाखवी. पडदा जे सांगतो ते असलेल्या मालाबद्दल नसून असायला हव्या असलेल्या मालाबद्दल आहे, हा भेद त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

तो भेद पहिल्या तिमाहीच्या अखेरीस, जूनच्या मोजणीत, समोर आला. एप्रिलच्या आरंभी तुळसाबाईनेच मोजून दिलेली आठ क्विंटल तूरडाळ संगणकात घातलेली होती. तीन महिन्यांत बावन्न क्विंटल आली, पन्नास क्विंटलची बिले झाली. शिल्लक दहा क्विंटल हवी होती. गिरणीच्या मोठ्या काट्यावर ती आठ क्विंटल साठ किलो भरली. दिपालीने पोती पुन्हा तोलायला लावली. आकडा बदलला नाही. एकशे चाळीस किलो डाळ कुठेच नव्हती. गूळ, शेंगदाणे, साखर यांचीही थोडीथोडी हीच गत होती.

संगणकात हा फरक मिटवल्याशिवाय पुढचा महिना उघडत नाही. दिपालीने तूट नोंदवायला घेतली तेव्हा पडद्याने कारण विचारले आणि निवडीसाठी तीन शब्द दिले: नासाडी, चोरी, इतर. तिने ‘इतर’ निवडले.

तिमाहीचा हिशेब तयार झाल्यावर जे दिसले ते तिला चमत्कारिक वाटले आणि ते तिने कार्यकारिणीपुढे प्रामाणिकपणे मांडले. बिलांप्रमाणे विकलेल्या मालाची किंमत शंभरामागे साडेएकोणनव्वद आली होती. तूट अडीच. दोन्ही मिळवले की ब्याण्णव, म्हणजे जुनाच आकडा. तिचे म्हणणे असे की भांडाराचा नफा जिथे होता तिथेच आहे. नवे नुकसान काही झालेले नाही, जुन्या आकड्याचे दोन तुकडे झाले आहेत इतकेच. दारव्ह्याचे लेखापरीक्षक सेवादास चव्हाण त्या बैठकीला मुद्दाम बोलावलेले होते. त्यांनीही मान डोलावली.

परंतु माणसे बेरीज ऐकत नाहीत, तुकडे ऐकतात. नफा आठच टक्के तो बाजारातल्या चढाओढीमुळे, ही समजूत एका दुपारी मोडली. नफा खरे तर साडेदहा आहे आणि त्यातले अडीच कोणीतरी नेते, ही दुसरी समजूत तिच्या जागी बसली. आणि जो माल सुटा आहे, जो एकाच बाईच्या हातातून जातो, तोच कमी भरतो, हे तर कागदावरच होते.

तुळसाबाईला आत बोलावण्यात आले. तिने चिमटीचे सांगितले. सुखीबाईचा नियम सांगितला. उन्हाळ्यात डाळ सुकते हेही सांगितले. आपल्या गिरणीत तूर भिजवून भरडतात, ओलसर डाळ पोत्यात भरली जाते, मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ती हलकी होणारच. ती बोलत असताना कार्यकारिणीतल्या बाया खाली पाहत होत्या, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकीने ती चिमूट स्वतःच्या पिशवीत पडताना पाहिली होती.

इंदुताई कठोर नव्हत्या, पण बँकेच्या साहेबांपुढे आपणच उभे राहायचे आहे हे त्यांना दिसत होते. माप झुकते द्यावे असा ठराव कधी झाला होता का, असे त्यांनी विचारले. झाला नव्हता. सुखीबाई ठराव करणारी बाई नव्हती. तुळसाबाई म्हणाली की चोरीच करायची असती तर साबण, तेलाच्या पिशव्या, चहाचे पुडे गेले असते; त्यांत तर एकाचाही फरक नाही.

“साबण मोजता येतो तुळसाबाई,” इंदुताई म्हणाल्या, “म्हणून कोणी नेत नाही. डाळ मोजता येत नाही, म्हणूनच तर जाते.”

“ताई, तुम्ही मले विचारून राह्यल्या का सांगून राह्यल्या?”

इंदुताईंनी बैठक तेवढ्यावर थांबवली.

दिपालीने एक उपाय सुचवला. तुळसाबाईला न सांगता बाजाराच्या दिवशी वीस पिशव्या दाराबाहेर पुन्हा तोलून पाहाव्यात. तसे झालेही. एका किलोची पिशवी सरासरी एक किलो वीस ग्रॅम भरली. पन्नास क्विंटलवर किलोमागे वीस ग्रॅम म्हणजे शंभर किलो होतात. उरलेले चाळीस सुकण्याचे आणि उंदरांचे धरले की हिशेब जवळजवळ बसतो. दिपाली हे आकडे घेऊन आनंदाने इंदुताईंकडे गेली. इंदुताईंनी ते नीट पाहिले आणि म्हटले की हे आजचे माप झाले. बैठकीत चिमटीचा मुद्दा निघाल्यानंतरचे. ती आता सावध असणार, मुद्दाम झुकवत असणार. मागच्या तीन महिन्यांत तिने किती झुकवले हे या वीस पिशव्या कशा सांगतील?

मग मागची वर्षे पाहावीत, असा तुळसाबाईचा आग्रह होता. एवढी वर्षे आपण असेच माप दिले, तेव्हा एवढीच डाळ दरसाल कमी पडली असली पाहिजे. ती पडली होती असे जुन्या कागदांतून निघाले तर आपण आताच काही उचलू लागलो हा बोल तरी पुसला जाईल. तिच्या बुद्धीने शोधलेला हा मार्ग चुकीचा नव्हता. ती स्वतः दारव्ह्याला चव्हाणांच्या कार्यालयात गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि जुन्या वर्षांचे ताळेबंद तिच्यासमोर उघडले. कोणत्याही वर्षी किती किलो डाळ विकली गेली याची नोंद त्यांत नव्हती. विक्री रुपयांत होती, खरेदी रुपयांत होती, शिल्लक तिनेच मोजलेली होती. किती उरायला हवे होते आणि किती उरले, यांतले अंतर मोजण्यासाठी दोन आकडे लागतात. जुनी पद्धत एकच आकडा ठेवते आणि दुसरा त्यातूनच काढते.

चव्हाणांनी हे तिला समजेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला. तुमचे म्हणणे खरे असू शकते, ते म्हणाले. ब्याण्णवचा आकडा स्थिर आहे, त्यावरून मला तर ते खरेच वाटते. पण तेवढाच आकडा दरसाल थोडी चोरी झाली असती तरी आला असता. जुना हिशेब तुमच्या विरुद्ध काही बोलत नाही तसा तुमच्या बाजूनेही बोलत नाही.

“आन् नवा हिशेब?” तिने विचारले.

“तो किती गेलं ते सांगते, मावशी. काहून गेलं, ते त्यालेही नाही समजत.”

परतीच्या एसटीत तिने हे वाक्य मनात पुन्हापुन्हा फिरवले असावे, कारण दुसऱ्या दिवशी दिपालीला तिने ते जसेच्या तसे ऐकवले. आणि मग, स्वतःचे नाव वाचवण्याचा दुसरा काही उपाय न सुचल्यामुळे, तिने चिमूट थांबवली.

जुलैपासून काट्यावर हजार ग्रॅम उमटले की तुळसाबाईचा हात मांडीवर परत येऊ लागला. कधी हजारावर पाच-सहा ग्रॅम जास्त दिसले तर ती डाळ परत काढून घेई. हे तिला जमत नव्हते. बोटे आपोआप पोत्याकडे वळत आणि ती त्यांना मागे घेई. गिऱ्हाईक बायांनी पहिल्या आठवड्यात वाट पाहिली, दुसऱ्या आठवड्यात तोंड उघडले. बाजारादिवशी पाटी घेऊन भाजी विकायला येणारी चंदाबाई तर सगळ्यांदेखत म्हणाली:

“काहून वं तुळसा, डाळ काय सोनाराच्या दुकानातून आणली का? एक दाणा जास्त आला पाहाय माह्या पिशवीत. घे काढून, नाही तं तुह्या कॉम्प्युटरले ताप येईन.”

बाया हसल्या. तुळसाबाईही हसली. चंदाबाईचा राग नव्हता, पण पुढच्या बाजारादिवशी ती आली नाही, आणि तिच्या मागे येणाऱ्या दोघीतिघीही समोरच्या दुकानी उभ्या दिसल्या. ज्या व्यापाऱ्याच्या मापाला कंटाळून भांडार निघाले होते त्याच्याच पुतण्याचे ते दुकान. त्याचे माप आता भांडाराइतकेच होते आणि तो उधार देत होता.

सप्टेंबरअखेरीला पुन्हा मोजणी झाली. चव्वेचाळीस क्विंटल डाळीची बिले झाली होती, म्हणजे धंदा घटला होता. तूट मात्र फक्त नऊ किलो निघाली.

तुळसाबाईने तो आकडा ऐकून हात जोडले. तिला वाटले की आता सारे स्पष्ट झाले: चिमूट थांबली, तूट थांबली. दिपालीलाही क्षणभर तसेच वाटले. पण कार्यकारिणीत हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचला गेला. नजर नव्हती तेव्हा तूट होती. नजर ठेवली तेव्हा गेली. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा, असे एका सभासद बाईने विचारले. आणि एक गोष्ट खरोखरच तुळसाबाईच्या विरुद्ध जात होती. डाळ सुकते म्हणून तूट येते असे तिने जूनमध्ये सांगितले होते. चिमूट बंद केली तरी सुकण्याची तीस-चाळीस किलो तूट राहायला हवी होती. ती कुठे गेली?

याचे उत्तर तिला ठाऊक होते आणि तिने ते दिले. पावसाळ्यात डाळ सुकत नाही, उलट ओल धरते; पोत्यात हात घातला की गार लागते; सुकलेली डाळ वजनात परत येते. हे ऐकून इंदुताई थकल्या स्वरात म्हणाल्या की उन्हाळ्यात तुमची डाळ हलकी होते, पावसाळ्यात जड होते, आमच्या हिशेबात बसेल अशी कधी असते? त्यात टोमणा होता, पण हताशपणाही होता. गोदामातल्या ओलीची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. चव्हाणांना विचारले तेव्हा त्यांनी मोजून शब्द वापरले: शक्य आहे, पण सिद्ध होत नाही.

चोरी हा शब्द ठरावात घालू नये यासाठी दिपाली भांडली आणि तेवढे तिला यश आले. ठराव असा झाला की सुट्या मालाच्या हाताळणीत जबाबदारीचा अभाव आढळल्यामुळे, पहिल्या तिमाहीतील डाळीच्या तुटीची निम्मी किंमत संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा पाचशे रुपयांप्रमाणे वळती करावी, आणि काट्यावर दुसरी व्यक्ती नेमावी. निम्मी रक्कम ही इंदुताईंची सवलत होती. वाणिज्याच्या पुस्तकांत अशी तूट धंद्याचा खर्च म्हणून लिहितात, असे दिपाली म्हणत राहिली. बँकेच्या पत्रकात ती खर्च म्हणून दाखवली तर तारणच कमी धरतील आणि तूर घ्यायच्या हंगामात उचल कमी मिळेल, हे इंदुताईंचे उत्तर होते. आणि तूर विकायला आणणाऱ्या शेदोनशे बायांपुढे एका बाईचे पाचशे रुपये त्यांना लहान वाटले असतील तर तेही अगदीच चूक म्हणता येत नाही.

तुळसाबाईने सही केली. सही करण्यापूर्वी तिने एवढेच विचारले:

“याच्यात मी नेली असं कुठं लिव्हलं आहे का?”

नाही, दिपालीने सांगितले. जबाबदारी लिहिली आहे.

“मंग लोकं काय म्हणतीन, नेली म्हणतीन का जबाबदारी म्हणतीन?”

वणीच्या कोळसा खाणीवर गाडी चालवणारा तुळसाबाईचा मुलगा, संघर्ष, फोनवर नोकरी सोड म्हणाला. तुळसाबाईने सोडली नाही. सोडली तर खरेच नेली होती असे होईल, हा तिचा हिशेब होता, आणि राहिली तरी तसेच होणार होते. ती मागच्या खोलीत तूर निवडायला बसू लागली.

काट्यावर सलोनी आली. ती तरुण आणि नेमकी होती. संगणकाच्या काळात शिकलेली असल्यामुळे चिमूट हा प्रकार तिच्या हाताला ठाऊकच नव्हता. तिच्या कारकिर्दीत हिवाळ्यातल्या मोजण्या नीट पार पडल्या. मग उन्हाळा आला. त्या जूनच्या मोजणीत एक्केचाळीस क्विंटलच्या बिलांवर अडतीस किलो डाळ कमी भरली. सलोनी रडली. तिने प्रत्येक पिशवी हजार ग्रॅमवर थांबवली होती आणि ते सर्वांना माहीत होते.

या वेळी मात्र कोणी तिला आत बोलावले नाही. कार्यकारिणीने चव्हाणांचा सल्ला घेतला. त्यांनी सांगितले की सुट्या धान्यात नैसर्गिक घट असतेच. संस्थेने तिची मर्यादा ठरवून घ्यावी, त्या मर्यादेतली तूट विकलेल्या मालाच्या किमतीत धरावी आणि त्याहून जास्त असेल तेवढीच वेगळी दाखवून चौकशी करावी. बँकेनेही ही पद्धत मान्य असल्याचे कळवले. इतके सोपे होते ते. विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे आला: डाळीस शंभरामागे एक किलो घट मंजूर करणे.

सभा भांडारासमोरच्या मांडवात होती. तुळसाबाई सभासद म्हणून मागच्या रांगेत बसली होती. इंदुताईंनी ठराव वाचला. दिपालीने उभे राहून विचारले की ही मर्यादा मागच्या वर्षाला लावता येईल का. तो प्रश्न तिने घरून ठरवून आणला होता. मांडवात थोडी चुळबुळ झाली. चव्हाणांनी चष्मा पुसला. मागच्या वर्षाचे हिशेब तपासून, मंजूर होऊन बंद झालेले आहेत, ते म्हणाले. ठराव आजपासून पुढे लागू होईल. त्यांनी असेही सांगितले की लावला असता तरी त्या एकशे चाळीसपैकी पन्नास किलोच माफ झाले असते. उरलेल्या नव्वदांचे स्पष्टीकरण घटीत बसत नाही.

नव्वद किलो कुठे गेले हे मांडवात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईला ठाऊक होते. ते तिच्या घरी शिजले होते. पण चिमटीसाठी मर्यादा ठरवा असे म्हणायला कोणी उठले नाही. आणि उठले असते तर किती ग्रॅमची चिमूट, कोणाला, कोणत्या हाताने, असे प्रश्न आले असते, ज्यांची उत्तरे कोणत्याही पद्धतीच्या हिशेबात मावत नाहीत. चंदाबाईने मान वळवून तुळसाबाईकडे एकदा पाहिले आणि पुन्हा समोर पाहिले.

ठराव मतास टाकला गेला. हात वर झाले. इंदुताई मांडवावर नजर फिरवत मोजत होत्या. मागच्या रांगेत तुळसाबाईचाही हात वर होता. विरोधात कोणी नाही, ठराव एकमताने मंजूर, असे त्यांनी लिहून घेतले.

सभा संपल्यावर चिवडा आणि चहा वाटला गेला. दिपाली कागदाच्या थाळ्या घेऊन मागच्या रांगेपर्यंत आली आणि तुळसाबाईच्या शेजारी बसली. तिला काहीतरी बोलायचे होते. शेवटी तिने एवढेच विचारले की मावशी, तुम्ही हात काहून वर केला?

“सलोनीचं बरं व्हाले पाह्यजे ना,” तुळसाबाई म्हणाली. “तिचं लग्न जमून राह्यलं.” मग चहाचा कप खाली ठेवून तिने विचारले, “माहे हप्ते किती उरले वं?”

दिपालीने सांगितले.

“मंग यायच्या महिन्यात एकदमच कापून घे. दर महिन्याले पगारपत्रकावर दिसते, अन् पोरी वाचतात.”

एकदम कापले तर घरी काय नेणार, असे दिपालीने विचारले. थाळीतला चिवडा तुळसाबाईने पदराच्या टोकात बांधून घेतला आणि मांडवातल्या खुर्च्या उचलणाऱ्या बायांना मदत करायला उठली.